गोल टाकीला निम्मा पत्रा का पुरतो?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांतून लोकांनी आकाशात जळत जाणारे तुकडे पाहिले आणि मोबाइलवर टिपले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचे एक मोठे कडे येऊन पडले. पुढे आसपासच्या शिवारांत साधारण अर्धा मीटर व्यासाचे गोळेही सापडले. चीनच्या ‘लाँग मार्च ३बी’ रॉकेटच्या एका टप्प्याचे हे अवशेष असावेत, असे अंतराळातल्या वस्तूंचा माग ठेवणाऱ्या अभ्यासकांनी सांगितले. कडे कसले, गोळे कसले, यावर बरेच दिवस चर्चा चालली. गोळ्यांचे उत्तर तसे सरळ आहे: इंधनाच्या टाक्यांत दाब राखण्यासाठी रॉकेटमध्ये हेलियमसारखा वायू प्रचंड दाबाखाली भरून नेतात, आणि तो भरण्याच्या बाटल्या गोल असतात. इस्रोच्या रॉकेटांतही टायटॅनियमच्या मिश्रधातूचे असे गोळे वापरले जातात.

पण गोलच का? आपल्या स्वयंपाकघरातला गॅस उभट, लंबगोल सिलिंडरमध्ये येतो. रस्त्यावरून धावणाऱ्या गॅसच्या टँकरची टाकीही दंडगोल, म्हणजे नळकांड्यासारखी असते. रॉकेटवाल्यांनी गोळाच पसंत केला, याचे कारण एका छोट्या हिशेबात आहे. त्रिज्या तीच, पत्र्याची जाडी तीच, आतला दाबही तोच ठेवला, तर गोल टाकीच्या पत्र्यावर येणारा ताण दंडगोल टाकीवरच्या सर्वांत मोठ्या ताणाच्या बरोबर निम्मा भरतो. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला हे सूत्र प्रत्येकजण पाठ करतो. ते कुठून येते आणि कुठे अपुरे पडते, हे मात्र पाठांतरात राहून जाते. ते समजून घ्यायला कागद, पेन आणि घरचा सिलिंडर एवढे पुरते.

आधी सिलिंडरचीच मापे घेऊ. घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरचा व्यास सुमारे ३२ सेंटीमीटर असतो आणि पत्रा अडीच-तीन मिलिमीटरच्या घरातला. हिशेबाला सोपे जावे म्हणून त्रिज्या १६० मिलिमीटर आणि जाडी २.५ मिलिमीटर धरतो. रोजच्या वापरात आतला दाब हवेच्या तापमानाप्रमाणे बदलतो. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे ४० अंश सेल्सिअसला तो साधारण साडेदहा बारच्या वर जाता कामा नये. पण कारखान्यात सिलिंडर पाण्याने भरून तपासतात, तेव्हा दाब २५ बारच्या आसपास नेतात. आपण तोच चाचणीचा दाब घेऊ. २५ बार म्हणजे पत्र्याच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर अडीच न्यूटन.

आता हा सिलिंडर मनातल्या मनात आडवा कापा, म्हणजे वरचा अर्धा भाग एकीकडे आणि खालचा दुसरीकडे. आतला दाब वरच्या अर्ध्याला वर ढकलतो आहे. किती जोराने? कापलेल्या तोंडाचे क्षेत्रफळ गुणिले दाब. १६० मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ८०,४०० चौरस मिलिमीटर. त्याला अडीचने गुणले की सुमारे २ लाख न्यूटन येतात. म्हणजे जवळजवळ २० टनांचे वजन! दोघे मिळून सहज जिना चढवतात त्या सिलिंडरचे टोपण चाचणीच्या वेळी एवढ्या जोराने उडू पाहत असते. त्याला धरून ठेवते ती कापाच्या जागी दिसणारी पत्र्याची कडा. ही कडा म्हणजे सुमारे १,००५ मिलिमीटर घेराची आणि अडीच मिलिमीटर रुंदीची एक चकती, क्षेत्रफळ सुमारे २,५१० चौरस मिलिमीटर. २ लाख न्यूटन या धातूवर वाटले, की प्रत्येक चौरस मिलिमीटरच्या वाट्याला ८० न्यूटन येतात. हा झाला लांबीच्या दिशेचा ताण.

तोच सिलिंडर आता उभा चिरा, वरून खाली, शेंगेचे दोन भाग करतात तसा. टोकांचा विचार बाजूला ठेवून मधल्या सरळ भागातला फक्त १ मिलिमीटर उंचीचा पट्टा घ्या. उघड्या तोंडाची रुंदी ३२० मिलिमीटर, उंची १, म्हणून दाबाचा जोर ८०० न्यूटन. त्याला धरायला दोन कडा आहेत, उजवी आणि डावी. प्रत्येकीची जाडी अडीच मिलिमीटर, म्हणजे मिळून ५ चौरस मिलिमीटर धातू. ८०० भागिले ५, म्हणजे १६०. घेराच्या दिशेने पत्र्यावर १६० न्यूटनांचा ताण आहे, लांबीच्या दिशेच्या बरोबर दुप्पट.

तिसरा काप गोल टाकीचा. १६० मिलिमीटर त्रिज्येचा, अडीच मिलिमीटर पत्र्याचा गोळा घ्या आणि मधोमध कापा. काप आडवा घ्या, उभा घ्या की तिरका घ्या, केंद्रातून गेला की दर वेळी तेच वर्तुळ आणि तीच कडा समोर येते. हे आपण सिलिंडरच्या आडव्या कापात आधीच मोजले आहे: ८० न्यूटन. गोळ्यात हा आकडा सगळ्या दिशांना सारखा, आणि १६०चा काप तिथे सापडतच नाही.

सूत्राच्या भाषेत, दंडगोलाचा घेराचा ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी. त्याचा लांबीचा ताण आणि गोळ्याचा कोणत्याही दिशेचा ताण याच्या निम्मा. पत्रा पातळ असेल, म्हणजे त्रिज्या जाडीच्या दहापट किंवा त्याहून जास्त असेल, तोवर हे गणित कामापुरते अचूक ठरते. आपल्या सिलिंडरमध्ये हे गुणोत्तर ६४ आहे. पत्रा त्याहून जाड होऊ लागला, तर आतल्या पृष्ठभागावर ताण जास्त आणि बाहेर कमी असा फरक पडतो आणि वेगळी सूत्रे लागतात.

कापाच्या हिशेबाने उत्तर मिळते, पण कारण नीट दिसत नाही. निम्मा का, दीड पट का नाही? याचे उत्तर वळणात आहे. खांबाला दोरी गुंडाळून ओढली की खांबावर आवळ बसतो. तीच दोरी खांबालगत उभी धरून वरून खाली ताणली, तर कितीही ओढा, खांबाला त्याचा पत्ता लागत नाही. ताणलेली गोष्ट आतल्या दिशेने दाबू शकते ती ती वळलेली असेल तरच. दंडगोलाचा पत्रा घेराच्या दिशेने वळलेला आहे, उंचीच्या दिशेने सरळ आहे. त्यामुळे बाहेर ढकलणाऱ्या वायूला थोपवण्याचे सगळे काम घेरातल्या ताणाला एकट्याने करावे लागते. लांबीच्या दिशेचा ८०चा ताण पत्र्यात असतो, पण तो फक्त दोन्ही टोकांची टोपणे धरून ठेवतो, बाजूच्या भिंतीला काही मदत करत नाही. गोळ्याचा पत्रा दोन्ही दिशांनी सारखाच वळलेला आहे. दोन्ही दिशांचे ताण मिळून आत ओढतात, म्हणून प्रत्येकाला निम्मेच काम पुरते. फ्रेंच गणिती लाप्लासच्या नावाने ओळखला जाणारा नियम नेमके हेच सांगतो: प्रत्येक दिशेच्या ताणाला त्या दिशेच्या वळणाच्या त्रिज्येने भागा, दोन्ही बेरजेला घ्या, की दाब भागिले जाडी मिळते. सरळ दिशेची त्रिज्या अनंत, म्हणून तिचे योगदान शून्य.

हे एकदा लक्षात आले, की घरचा सिलिंडर वेगळ्या नजरेने दिसू लागतो. रिकामा सिलिंडर जरा पुसून त्याच्या पोटावरून हात फिरवा. मधोमध, आडवा, सगळीकडून फिरलेला एक उंचवटा बोटांना लागेल. तो वेल्डचा जोड आहे. पत्र्याची गोल चकती दाबयंत्रात खोल ओढून पेल्यासारखा अर्धा भाग करतात. असे दोन भाग तोंडाला तोंड लावून मध्ये जोडतात. उभा जोड तुम्हाला कुठेच सापडणार नाही. पत्रा गुंडाळून नळी करायची, तिला उभा वेल्ड मारायचा आणि वर-खाली टोपणे लावायची, ही पद्धतही आहे आणि मोठ्या टाक्यांना ती वापरावीच लागते. पण तिथे उभ्या जोडावर १६०चा ताण येतो. आडव्या जोडावर येतो ८०चा. वेल्ड हा पत्र्यापेक्षा अधिक शंका घ्यावी असा भाग असतो. त्यात हवेचे बुडबुडे राहतात, कडा नीट वितळत नाहीत, शेजारचा पत्रा तापून त्याची घडण बदलते. तो कमी ताणाच्या दिशेला ठेवणे ही या सिलिंडरच्या रचनेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे. पत्र्याच्या पोलादाला कायमचे ताणले जाण्यासाठी साधारण २४० न्यूटनांच्या वरचा ताण लागतो. त्याच्यापुढे १६० म्हणजे दोन तृतीयांश, आणि जोडावरचे ८० म्हणजे एक तृतीयांश.

फाटायची वेळ आली तरी हेच गणित चालते. उत्पादनाच्या प्रत्येक खेपेतला नमुन्याचा सिलिंडर दाब वाढवत वाढवत मुद्दाम फोडून पाहतात. चांगला सिलिंडर आधी पिंपासारखा फुगतो आणि मग पोटावर उभा उकलतो, लांबीच्या दिशेने, कारण घेराचा ताण त्या चिरेच्या आडवा ओढत असतो. तुकडे उडता कामा नयेत. चीर आडव्या जोडावरून धावली, तर तपासनीस लगेच सावध होतो. ज्या जागी निम्माच ताण होता तिथून तो फाटला, याचा अर्थ जोड निम्म्याहून कमकुवत होता. पाण्याच्या किंवा वाफेच्या जुन्या नळ्या फुटतात तेव्हाही चीर बहुतेक वेळा नळीच्या लांबीने गेलेली दिसते. एखादी नळी आडवी तुटलेली दिसली, तर दाब सोडून दुसरे कारण शोधावे: वाकली असेल, आधार खचला असेल, जोड खराब असेल.

आता गोळ्याकडे परत येऊ, कारण इथे एक घाईचा निष्कर्ष निघतो. ताण निम्मा, म्हणून पत्रा निम्मा, म्हणून वजनही निम्मे, असे पुष्कळांना वाटते. वजन निम्मे होत नाही. आपल्या सिलिंडरची पाण्याची क्षमता सुमारे ३३ लिटर आहे. १६० मिलिमीटर त्रिज्येच्या गोळ्यात मात्र १७ लिटरच मावतात. तेवढाच गॅस भरायचा तर गोळा मोठा हवा: त्रिज्या जवळपास २०० मिलिमीटर. त्रिज्या वाढली की ताण वाढतो, म्हणून १६०चाच ताण ठेवायला पत्रा सव्वा मिलिमीटर पुरत नाही, १.५६ मिलिमीटर लागतो. असा गोळा भरतो सुमारे ६.१ किलोचा. तेवढ्याच घनफळाच्या, टोकांचे वजन न धरलेल्या दंडगोलाचा पत्रा ८.२ किलोच्या आसपास जातो. गुणोत्तर तीनास चार. बचत एक चतुर्थांश, निम्मी नव्हे. (खरा रिकामा सिलिंडर याच्या जवळपास दुप्पट भरतो, कारण त्यात टोके, तळाचे कडे, वरची कॉलर, झडपेची बैठक आणि आदळआपट सोसण्यासाठीची जादा जाडी येते.)

या तीनास चारमध्ये एक सुंदर गोष्ट दडलेली आहे. हिशेब बीजगणिताने केला तर त्रिज्या उत्तरातून निघूनच जाते. टाकीचे वजन फक्त दाब, घनफळ आणि धातू किती ताण सोसतो यावर ठरते. एका मोठ्या गोळ्याऐवजी तेवढ्याच एकूण घनफळाचे दहा छोटे गोळे केले, तरी धातू तेवढाच लागतो. आणि दंडगोल बुटका-जाडा केला काय किंवा लांब-बारीक केला काय, टोके सोडली तर फरक पडत नाही. आकार बदलून वजन कमी करायचे, तर दंडगोल सोडून गोळ्याकडे जाणे हाच मार्ग उरतो. तिथे मिळणारा चौथा हिस्सा कुठून येतो? दंडगोलात लांबीच्या दिशेने धातूची ताकद अर्धी वाया जात होती, ती गोळ्यात पूर्ण वापरली जाते. म्हणूनच कार्बन किंवा काचेच्या धाग्यांनी गुंडाळलेल्या टाक्यांत ही बचत उरत नाही. धाग्याला एकाच दिशेने ताकद असते आणि तो हवा त्या कोनात गुंडाळता येतो. दंडगोलावर अक्षाशी सुमारे ५५ अंशांच्या कोनाने धागा फिरवला, की घेराला दुप्पट आणि लांबीला एकपट अशी ताकद नेमकी वाटली जाते. मग दंडगोल आणि गोळा वजनाला बरोबरीचे ठरतात.

घरच्या सिलिंडरसाठी दोन किलो पोलाद वाचवून चाळीस सेंटीमीटरचा गोळा करणे कोणाच्याच सोयीचे नाही. तो ट्रकमध्ये रचता येत नाही, ओट्याखाली मावत नाही. मोठ्या साठ्याची गोष्ट वेगळी. तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या आवारात खांबांवर उभे असलेले पांढरे प्रचंड गोळे अनेकांनी पाहिले असतील. ते एलपीजीचे साठे. त्यांना हॉर्टन स्फिअर म्हणतात, ते अमेरिकेतल्या ‘शिकागो ब्रिज अँड आयर्न’ कंपनीचे संस्थापक होरेस हॉर्टन यांच्या नावावरून. अशा टाक्यांची सुरुवात १९२३मध्ये टेक्सासमधल्या पोर्ट आर्थर इथे झाली.

सात मीटर त्रिज्येचा असा एक गोळा घेऊ. दाब १४ बार, पत्र्यावर १६० न्यूटनांपर्यंत ताण चालेल असे धरू. सूत्राने जाडी येते सुमारे ३१ मिलिमीटर. याच त्रिज्येचा दंडगोल केला, तर ६१ मिलिमीटर. इथे वजनापेक्षा जाडी जास्त बोलते. साध्या पोलादाचा पत्रा ३२ ते ३८ मिलिमीटरच्या पुढे गेला, की दाबपात्रांच्या अमेरिकन संहितेप्रमाणे वेल्ड झाल्यावर तो भाग सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवून सावकाश थंड करावा लागतो, म्हणजे वेल्डमुळे कोंडलेले ताण निवतात. जाड पत्र्याच्या वेल्डमध्ये तडे जास्त पडतात, ते शोधणेही अवघड. एकसष्ट मिलिमीटरच्या पत्र्याची चौदा मीटर व्यासाची टाकी कारखान्यात करून रस्त्याने आणणे तर अशक्यच. गोळ्याचे पत्रे मात्र पाकळ्यांसारखे दाबून, जागेवर आणून, खांबांवर एकेक जोडत नेता येतात, आणि जाडी त्या मर्यादेच्या आसपास राहते. मोठ्या आकारात गोळा निवडण्याचे खरे कारण बऱ्याचदा हे असते.

सिलिंडरकडे पाहताना आणखी एक प्रश्न पडायला हवा. त्याची टोके गोलसर का? दंडगोलाला अर्धगोळ्याची टोपणे लावावीत, हे ओघाने आलेच. पण तिथे दोघांचे फुगणे जुळत नाही. आपल्या मापांत चाचणीच्या दाबाला दंडगोलाची त्रिज्या सुमारे ०.११ मिलिमीटरने वाढते आणि त्याच जाडीच्या अर्धगोळ्याची ०.०४५ मिलिमीटरने. फरक साधारण केसाच्या जाडीएवढा. पण पत्रा सांध्यावर सलग असतो, त्यामुळे त्याला तिथे वाकावे लागते, आणि वाकण्याचा जादा ताण येतो. अर्धगोळ्याच्या बाबतीत हा जादा ताण थोडा असतो आणि चार-पाच सेंटीमीटरच्या पलीकडे विरून जातो. टोपण जसजसे सपाट करावे, तसतसे हे बिघडत जाते. घरच्या सिलिंडरची टोके अर्धगोळ्यापेक्षा चपटी असतात, कारण ती दाबयंत्रात ओढून काढणे सोपे आणि उंची कमी राहते. अशा चपट्या टोकाचा काठ दाब आल्यावर बाहेर न जाता आत ओढला जातो, तेव्हा दंडगोल फुगतो आणि काठ आकसतो. पूर्ण सपाट झाकण लावले तर ते पापुद्र्यासारखे वाकते आणि कित्येक पट जाड करावे लागते. म्हणून दाबाच्या टाकीला सपाट बूड शोधूनही सापडत नाही. सिलिंडर उभा राहतो तो खाली वेगळ्या जोडलेल्या कड्यावर.

आता गोळ्याची दुसरी बाजू. ताण निम्मा म्हणजे टाकी दुप्पट सुरक्षित, असे समजणे धोक्याचे आहे. निम्म्या ताणाचा फायदा आपण पत्रा पातळ करून आधीच खर्च केलेला असतो. प्रत्यक्षात उभ्या असलेल्या गोळ्याचा पत्रा आणि दंडगोलाचा पत्रा, दोन्ही जवळपास सारखाच ताण सोसत असतात. फक्त गोळ्याचा पत्रा पातळ असतो, आणि पातळ पत्रा आगीत लवकर तापतो. ४ जानेवारी १९६६ रोजी फ्रान्समध्ये ल्योंजवळच्या फेझँ शुद्धीकरण कारखान्यात काय झाले ते यासाठी पाहावे. प्रोपेनच्या एका गोळ्याच्या तळाशी साठलेले पाणी काढताना झडपा गोठून अडकल्या आणि वायू बाहेर येत राहिला. ढग जवळच्या रस्त्यापर्यंत पोहोचला, पेटला आणि ज्वाळा गोळ्याखाली येऊन लागल्या. वरची सुरक्षा झडप उघडली होती, म्हणजे दाब तिने आवरला होता. पण द्रवाच्या पातळीच्या वरचा कोरडा पत्रा तापत गेला. द्रव टेकलेला पत्रा द्रवामुळे थंड राहतो, वरच्याला तशी सोय नसते. दाब तोच, ताण तोच, पण पोलादाची ताकद उतरत गेली आणि गोळा फुटला. १८ माणसे गेली, त्यांत आग विझवायला आलेले जवानही होते. १४ सप्टेंबर १९९७ रोजी विशाखापट्टणमच्या शुद्धीकरण कारखान्यातल्या एलपीजीच्या गोळ्यांना लागलेली आग आपल्याकडच्या जुन्या लोकांना आठवत असेल. तिथेही पन्नासहून अधिक जीव गेले.

आज आपल्याकडे नव्या बॉटलिंग प्लांटमध्ये एलपीजीच्या बऱ्याच टाक्या पुन्हा दंडगोल केल्या जातात, आणि वाळू-मातीच्या ढिगाऱ्याखाली पुरतात. जास्त पोलाद लागते, हे माहीत असून केलेली निवड आहे ही. लांबट टाकी कारखान्यातच पूर्ण करून, तपासून, ट्रेलरवरून आणता येते, आणि मातीचा थर ज्वाळांना पत्र्यापर्यंत पोहोचू देत नाही. माझ्या मते ही निवड योग्य आहे. सूत्रातला निम्मा आकडा पोलादाचा खर्च सांगतो, आगीबद्दल काहीच सांगत नाही.

उभ्या असलेल्या गोळ्यांच्या तपासणीत जाडीचा प्रश्न सतत येतो. पत्रा आतून-बाहेरून गंजतो, तेव्हा गंज जाडीचा ठरावीक भाग खातो. तुमची जाडी किती आहे हे तो विचारत नाही. ६१ मिलिमीटरमधून ३ गेले तर ताण साधारण ५ टक्क्यांनी वाढतो, ३१मधून ३ गेले तर सुमारे ११ टक्क्यांनी. म्हणून अल्ट्रासोनिक यंत्राने ठरलेल्या बिंदूंवर जाडी मोजून तिची नोंद वर्षानुवर्षे ठेवतात आणि झीज कोणत्या वेगाने चालली आहे ते पाहतात.

पण अनुभवी तपासनीस गोळ्याच्या पोटाआधी त्याच्या पायांकडे पाहतो. गोळ्याला स्वतःचे बूड नाही, तो खांबांवर तोललेला असतो. आगीपासून वाचवण्यासाठी या खांबांना काँक्रीटचे कवच चढवलेले असते. काँक्रीट आणि पोलाद यांच्या फटीत वरून पावसाचे पाणी शिरले, की आतल्या आत गंज वाढतो आणि बाहेरून काही दिसत नाही. कोकणच्या पावसात, खाऱ्या वाऱ्यात ही भीती अधिक. एरवी खांब तग धरतात, कारण भरलेला एलपीजी पाण्याच्या जेमतेम निम्म्याहून थोडा जड असतो आणि गोळा काठोकाठ भरत नाहीत. परीक्षेची घडी येते ती पाण्याच्या चाचणीच्या वेळी. आपल्या सात मीटर त्रिज्येच्या गोळ्यात साडेसहाशे-सातशे टन एलपीजी राहतो, पण चाचणीसाठी तो तुडुंब भरला, तर १,४०० टनांहून अधिक पाणी त्या खांबांवर चढते. चाचणीचे पाणी भरतानाच गोळ्याचे गंजलेले पाय मोडून गोळा कोसळल्याच्या घटना जगात घडल्या आहेत. त्या वेळी पत्र्यावर दाब नावालाही नव्हता. म्हणून पाणी सोडण्याआधी खांबांच्या कवचाच्या वरच्या कडेची सील तपासायची, काँक्रीटला तडा किंवा तांबूस ओघळ दिसला तर तिथे ते फोडायचे, आणि आतल्या पोलादाची जाडी मोजून मगच नळ उघडायचा.